दहावीच्या ‘उष्णता’ धड्याच्या स्लाइड्सवरून सराव क्विझ आणि आन्सर की कशी बनवायची, पूर्ण प्रोसेस

मी परळला घरीच दहावीची सात मुलं घेते, स्टेट बोर्डाची, काही मराठी मीडियम काही सेमी. शाळेतून धडा झाला की व्हॉट्सॲपवर स्लाइड्सची पीडीएफ येते आणि मग मुलं म्हणतात ताई यावर टेस्ट घ्या ना. सुरुवातीला मी काय करायचे, तर एकेक स्लाइड बघून त्यातलं एक वाक्य उचलायचं, एक शब्द गाळायचा, झाली रिकामी जागा. वीस प्रश्न अर्ध्या तासात तयार. मुलांना वीसपैकी अठरा पडायचे आणि शाळेच्या परीक्षेत तोच धडा आला की पाच मार्कांचं उदाहरण कोरं. तेव्हा कळलं की माझे प्रश्न स्लाइड पाठ आहे का एवढंच तपासत होते.

आता मी ज्या पद्धतीने करते ती एकाच धड्यावर दाखवते, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला ‘उष्णता’. माझ्याकडे आलेल्या पीडीएफमध्ये २४ स्लाइड्स होत्या आणि मी त्यातून १५ प्रश्न काढले, यापेक्षा जास्त काढायची गरज नाही.

आधी स्लाइडची पूर्ण वाक्यं करा

स्लाइडवर वाक्य नसतं, तुकडे असतात. ‘अप्रकट उष्मा – ८० कॅलरी/ग्रॅम – तापमान स्थिर’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मधलं सगळं सर वर्गात बोललेले असतात. ते बोललेलं आपल्याकडे नाही, म्हणून पहिलं काम वही घेऊन प्रत्येक स्लाइडमधून एक किंवा दोन पूर्ण वाक्यं लिहायची, त्यात ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ आलंच पाहिजे असं बघायचं. वरच्या तुकड्याचं माझं वाक्य असं झालं: ०°से चा १ ग्रॅम बर्फ वितळून ०°से चं पाणी होताना ८० कॅलरी उष्णता शोषली जाते, पण तापमान वाढत नाही कारण ती उष्णता रेणूंमधले बंध कमकुवत करण्यात खर्च होते.

एवढं लिहिलं की त्या एका वाक्यात तीन प्रश्न दिसायला लागतात. किती उष्णता, तापमानाचं काय होतं, आणि उष्णता गेली कुठे. पाठांतराचा प्रश्न पहिला, समजेचा तिसरा, आणि मुलं अडकतात ती दुसऱ्यावर.

हे करताना पाठ्यपुस्तक शेजारी उघडं ठेवा. स्लाइड बनवणाऱ्याने जागा वाचवायला अटी गाळलेल्या असतात. माझ्याकडच्या एका स्लाइडवर होतं ‘पाणी तापवल्यास आकुंचन पावते – असंगत आचरण’. हे फक्त ० ते ४°से मध्ये खरं आहे, त्याच्या वर पाणी तापवलं की प्रसरणच पावतं. आता यावरून ‘पाणी तापवलं की काय होतं’ असा प्रश्न काढला तर दोन्ही उत्तरं बरोबर, आणि आन्सर की मध्ये एकच लिहिलेलं, म्हणजे हुशार मुलाचा मार्क गेला. मी तो प्रश्न असा फिरवला: ४°से तापमानाचं पाणी थंड करून २°से ला आणलं तर त्याचं आकारमान वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? उत्तर वाढेल. थंड केलं म्हणजे आकुंचन असं धरून चालणारं मूल इथे बरोबर पकडलं जातं, आणि अट प्रश्नातच असल्यामुळे वादाला जागा राहत नाही.

अजून एक, शब्द एकच ठेवा. सेमीची मुलं लेटंट हीट म्हणतात, पुस्तकात अप्रकट उष्मा आहे, कुणी गुप्त उष्णता पण म्हणतं. मी क्विझमध्ये पुस्तकातलाच शब्द वापरते आणि की मध्ये लिहून ठेवते की लेटंट हीट लिहिलं तरी मार्क द्यायचा.

ग्राफची स्लाइड नीट बघा, तिथे सगळ्यात चांगले प्रश्न असतात आणि सगळ्यात जास्त चुका पण

या धड्यात बर्फ तापवत नेल्याचा तापमान-काल आलेख असतो. AB आडवी रेषा, म्हणजे ०°से ला बर्फ वितळतोय, BC चढती, पाणी १००°से पर्यंत तापतंय, आणि CD परत आडवी, उकळून वाफ होतेय. आता बहुतेक स्लाइडवर AB आणि CD जवळजवळ सारख्याच लांबीच्या काढलेल्या असतात, कारण स्लाइडवर जागाच तेवढी. पण खरं बघायला गेलं तर आच सारखीच ठेवली तर प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ उष्णतेच्या प्रमाणात असणार. १ ग्रॅमला AB मध्ये ८० कॅलरी, BC मध्ये १०० कॅलरी आणि CD मध्ये ५४० कॅलरी. म्हणजे CD ही AB च्या पावणेसातपट लांब हवी.

म्हणून स्लाइडवरच्या आकृतीवरून ‘कोणत्या टप्प्याला जास्त वेळ लागला’ असं विचारू नका, मूल आकृती बघून ‘दोन्हीला सारखा’ म्हणेल आणि आकृतीप्रमाणे ते बरोबरच असेल. त्याऐवजी मी आकृतीची चूक हाच प्रश्न केला:

प्रश्न. सारख्या आचेवर बर्फ वितळायला (AB) ८ मिनिटं लागली. बाहेर उष्णता गेली नाही असं धरून BC आणि CD ला किती मिनिटं लागतील? (३ गुण)

उत्तर. ८० कॅलरीला ८ मिनिटं, म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे मिनिटाला १० कॅलरी (१ गुण). BC ला १०० कॅलरी, म्हणून १० मिनिटं (१ गुण). CD ला ५४० कॅलरी, म्हणून ५४ मिनिटं (१ गुण).

हा प्रश्न सोडवल्यावर एक मुलगा म्हणाला ताई म्हणून चहाचं पाणी उकळायला लागतं पटकन पण पूर्ण आटायला एवढा वेळ लागतो का. मला तो प्रश्न फार आवडला, पुढच्या सेटमध्ये तसाच घेतला.

चुकीचे ऑप्शन मुलांच्या वहीतून घ्या

चार ऑप्शनच्या प्रश्नात बरोबर उत्तर लिहायला काहीच लागत नाही, खरं काम बाकीच्या तिघांचं आहे. मनाला येईल ते आकडे टाकले की मूल बघूनच दोन खोडून टाकतं. माझा नियम असा की प्रत्येक चुकीच्या ऑप्शनमागे एक खरी चूक पाहिजे, आणि ती कोणती ते की मध्ये लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर तो ऑप्शन काढा, तीनच ठेवा, काही बिघडत नाही.

प्रश्न. ०°से तापमानाचा ५ ग्रॅम बर्फ पूर्ण वितळून ०°से चं पाणी होण्यासाठी किती उष्णता लागेल?
(अ) ० कॅलरी (ब) ५ कॅलरी (क) ४०० कॅलरी (ड) २७०० कॅलरी

उत्तर (क). Q = m × L = ५ × ८० = ४०० कॅलरी.
(अ) निवडलं तर: तापमान बदललं नाही म्हणजे उष्णता लागली नाही असं वाटतंय, अप्रकट उष्मा समजलेली नाही.
(ब) निवडलं तर: पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ घेऊन वस्तुमानाला गुणलंय.
(ड) निवडलं तर: वितळण्याऐवजी वाफ होण्याचे ५४० घेतलेत. संकल्पना येते, आकडा चुकला.

बघा, या तिघांना वेगवेगळं शिकवायला लागणार आहे. (ड) वाल्याला मी एक मिनिटात सोडते, (अ) वाल्याला ग्राफपासून परत. नुसतं ‘उत्तर क’ लिहिलेल्या की वरून हे कळलंच नसतं.

ऑप्शन लिहिताना मराठीत एक वेगळी अडचण आहे, लिंगाची. मी एकदा लिहिलं होतं, ‘बर्फ वितळताना शोषली जाणारी ____ तापमान वाढवत नाही’ आणि ऑप्शन होते दाब, तापमान, उष्णता, आकारमान. ‘शोषली जाणारी’ म्हटल्यावर स्त्रीलिंगी शब्द एकच आहे, उष्णता! विज्ञान न वाचताच उत्तर येतं. असं झालं की एकतर सगळे ऑप्शन एकाच लिंगाचे घ्या नाहीतर वाक्याची रचना बदला, ‘बर्फ वितळताना काय शोषलं जातं’ असं विचारलं की खूण राहत नाही. तसंच बरोबर ऑप्शन सगळ्यात लांब व्हायची सवय असते आपल्याला, कारण आपण तोच नीट अटी घालून लिहितो. छापायच्या आधी नुसत्या लांबीवर नजर फिरवा.

उदाहरणाचे आकडे, इथे मी स्वतः चुकलेय

उष्णता विनिमयाचं उदाहरण या धड्याच्या क्विझमध्ये हवंच. माझं असं आहे: ४०°से च्या ८० ग्रॅम पाण्यात ०°से चा २० ग्रॅम बर्फ टाकला, उष्णता बाहेर गेली नाही आणि भांड्याने घेतली नाही असं धरा, शेवटचं तापमान किती?

गरम पाण्याने दिलेली उष्णता ८० × (४० − T). बर्फाने घेतलेली दोन भागात, वितळायला २० × ८० = १६००, आणि वितळून झालेलं पाणी ० पासून T पर्यंत तापायला २० × T. म्हणजे

३२०० − ८०T = १६०० + २०T
१६०० = १००T
T = १६°से

की मध्ये एवढ्यावर थांबायचं नाही, उलटं तपासायचं. पाणी ४० वरून १६ ला आलं म्हणजे २४ अंश, ८० × २४ = १९२० कॅलरी दिली. बर्फाने १६०० + २० × १६ = १९२० घेतली. जुळलं. हा ताळा मी प्रत्येक उदाहरणाच्या खाली लिहूनच ठेवते.

आता चुकीचे ऑप्शन याच समीकरणातून निघतात. वितळायची उष्णता विसरला तर ३२°से येईल. वितळलेलं पाणी परत तापवायला विसरला तर २०°से. तापमान किती कमी झालं तेच उत्तर म्हणून लिहिलं तर २४. म्हणून ऑप्शन १६, २०, २४, ३२. चारही वेगळे आलेत हे नशीब नाही, आकडे बघून निवडलेत. मी आधी ३० ग्रॅम बर्फ आणि ६०°से चं ७० ग्रॅम पाणी घेतलं होतं, उत्तर छान १८°से येतं, पण वितळायची उष्णता विसरणाऱ्याचं उत्तर ४२ आणि तापमानातली घट पण ४२. मुलाने ४२ लिहिलं तर नक्की कुठे चुकला ते कळणार नाही, म्हणून ते आकडे सोडून दिले.

आणि माझी चूक इथली आहे. शेजारी बसणारी मुलं एकमेकांचं बघतात म्हणून मी दुसरा सेट केला, फक्त आकडे बदलून. ४० ग्रॅम बर्फ, ५०°से चं ६० ग्रॅम पाणी. रात्री घाईत समीकरण मांडलं, ३००० आणि ३२०० ची वजाबाकी, २०० भागिले १००, की मध्ये लिहिलं २°से. कुठून कुठे वजा करायचं ते बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ०°से लिहिलं आणि खाली ‘थोडा बर्फ उरेल’, आणि मी तिला चूक दिली. घरी जाऊन तिने परत केलं आणि मला फोन केला. तिचंच बरोबर होतं. नीट मांडलं तर T येतो −२°से, आणि द्रव पाण्यात ०°से चा बर्फ टाकून सगळं शून्याखाली जाऊच शकत नाही. त्याचा अर्थ एवढाच की सगळा बर्फ वितळायला उष्णता पुरत नाही. पाणी ० पर्यंत येताना ३००० कॅलरी देतं, त्यात ३००० ÷ ८० = ३७.५ ग्रॅम बर्फ वितळतो, २.५ ग्रॅम उरतो आणि सगळं ०°से ला थांबतं. मी तिचा मार्क परत दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझ्या की मध्ये होती.

तेव्हापासून आकडे बदलले की मी आधी एकच गोष्ट तपासते: पाण्याचे ग्रॅम गुणिले त्याचं तापमान हे बर्फाचे ग्रॅम गुणिले ८० पेक्षा जास्त आहे ना? जास्त असेल तर नेहमीचं समीकरण चालेल. कमी असेल तर उत्तर ०°से आणि किती बर्फ उरला असा वेगळाच प्रश्न तयार होतो, तो मुद्दाम घ्यायचा असेल तर घ्या, चांगला आहे, पण पाच मार्कांचा करा आणि की त्याप्रमाणे लिहा.

आर्द्रता आणि बाकीच्या स्लाइड्स

पुनर्हिमायनाच्या स्लाइडवर एकच प्रश्न पुरतो, शास्त्रीय कारण द्या: वजन टांगलेली तार बर्फातून आरपार जाते तरी बर्फाचे दोन तुकडे होत नाहीत. की मध्ये दोन मुद्दे हवेत, दाबामुळे बर्फाचा द्रवणांक कमी होऊन तारेखालचा बर्फ वितळतो, आणि दाब गेल्यावर ते पाणी परत गोठतं. मुलं पहिला लिहितात, दुसरा विसरतात, म्हणून गुण एकेक असे वाटून ठेवा.

आर्द्रतेत मात्र मुंबईच्या मुलांना घाम माहितीये पण टक्का माहिती नाही. स्लाइडवर फक्त सूत्र होतं आणि ‘६०% पेक्षा जास्त असल्यास हवा दमट’ असं वाक्य. आकडे सोपे द्या: ३०°से ला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं असं धरा, आत्ता २४ ग्रॅम आहे, सापेक्ष आर्द्रता किती? २४ ÷ ३० × १०० = ८०%, दमट. हे सगळ्यांना येतं. मग त्याच्याच खाली दुसरा प्रश्न टाका: खोली बंद करून हवा तापवली, बाष्प तेवढंच राहिलं, तर सापेक्ष आर्द्रता वाढेल की कमी होईल? कमी होईल, कारण गरम हवेत जास्त बाष्प मावतं म्हणजे खालचा आकडा मोठा झाला. इथे माझ्या सातपैकी पाच जणांनी ‘तेवढीच राहील’ लिहिलं होतं, आणि पहिला प्रश्न त्या पाचही जणांचा बरोबर होता.

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवरचे थेंब कुठून आले हा प्रश्न सगळेच विचारतात, विचारा, पण ऑप्शनमध्ये ‘बाटलीतून पाणी झिरपतं’ हे ठेवूच नका, दहावीत ते कुणी निवडत नाही. त्याऐवजी ‘बाटलीतल्या गारव्याची वाफ झाली’ असं ठेवलं तर दोघेतिघे नक्की निवडतात, कारण त्यांना ते थेंब म्हणजे ‘गारवा बाहेर येतो’ असंच वाटत असतं.

छापायच्या आधी आणि टेस्ट झाल्यावर

पेपर तयार झाला की एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी की आणि स्लाइड्स दोन्ही बंद करून स्वतः पेनाने सोडवा, वेळ लावून. मला १५ प्रश्नांना १८ मिनिटं लागली तर मुलांना मी ४० ते ४५ देते. तुमचं उत्तर आणि की जुळलं नाही तर आधी की वर संशय घ्या, कारण की लिहिताना उत्तर आधीच डोक्यात असतं, प्रश्न वाचलाच जात नाही. जमलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला फक्त प्रश्न वाचायला द्या, विज्ञान न येणारं माणूस बरं, कुठलं वाक्य दोन अर्थाचं आहे ते त्यांना लगेच कळतं. माझ्या सासूबाई वाचतात आणि ‘हे “ते” म्हणजे कोण’ असं विचारतात, तिथे मी वाक्य बदलते.

टेस्ट झाल्यावर फक्त बेरीज करून वही परत देऊ नका. एका कागदावर प्रश्नाचा नंबर आणि पुढे अ ब क ड, कोणी काय निवडलं त्याच्या उभ्या रेघा मारा, सात मुलांना पाच मिनिटं पण लागत नाहीत. एखाद्या ऑप्शनपुढे दोन सेटमध्ये एकही रेघ नाही म्हणजे तो मेला, बदला. नेहमी पुढे असणारी मुलंच चुकली आणि बाकीच्यांचं बरोबर आलं तर प्रश्नात किंवा की मध्ये गडबड आहे, परत सोडवून बघा. आणि ५ ग्रॅम बर्फाच्या प्रश्नात माझ्याकडे ‘० कॅलरी’ पुढे चार रेघा होत्या, मग मी पुढचा सेट काढायचाच थांबवला. त्या संध्याकाळी पातेल्यात बर्फ घेतला, थर्मामीटर घातला, गॅस अगदी मंद केला आणि ढवळत ढवळत दर मिनिटाला मुलांकडून आकडा लिहून घेतला. बर्फ संपेपर्यंत आकडा शून्याच्या आसपासच राहिला, बर्फ संपल्यावर चढायला लागला. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न ८ ग्रॅमचा करून दिला, ऑप्शन ०, ८, ६४० आणि ४३२०. ‘०’ पुढे एक रेघ आली.